एसी बंद करून केलेली पूजा

मंचरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत, आमची मोजमापाची प्रयोगशाळा आहे. कारखान्यांची मापं खरी आहेत की नाहीत, हे तपासून दाखला द्यायचा, हे आमचं काम. लांबीची खोली माझ्याकडे. या खोलीबद्दल मी एकदा खोटं बोललो, आणि ज्यानं ते ऐकूनही मला उघडं पाडलं नाही त्याच्याबद्दल आजवर कुठे लिहिलं नाही. आता लिहितो.

आमच्या खोलीत वीस अंश तापमान रात्रंदिवस राखावं लागतं. लोखंड तापलं की वाढतं, निवलं की आक्रसतं. डोळ्यांना दिसत नाही, पण आमच्या यंत्राला दिसतं. हवेत दमटपणा वाढला तर पोलादी मापांवर गंज धरतो, म्हणून तोही आटोक्यात ठेवायचा. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गेला की काट्याला कंप सुटू नये, म्हणून यंत्राचं टेबल वेगळ्या पायावर, जाड रबरावर बसवलेलं. यंत्र चालू केलं की लगेच मोजायचं नाही. ते आतून गरम होऊन आकडा एका जागी ठरेपर्यंत थांबायचं. आणि गिऱ्हाइकाचं माप आलं की रात्रभर आमच्या प्रमाण मापाशेजारी ठेवायचं. दोघांचं तापमान एक झालं की मगच मोजणी. या खोलीत काम म्हणजे निम्मं थांबणंच.

आणि थांबायचं सोडून मी एका खंडेनवमीला घाई केली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची रीत आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरी जशी, तशी कारखान्यातही. प्रयोगशाळेतही ती चालत आलेली. दुपारी खोलीतच समई लावली, झेंडूच्या माळा घातल्या. सातआठ माणसं आत. पण एसीच्या झोताने समई सारखी विझायची. दोनदा विझल्यावर एक जण म्हणाला, "अहो, देवाला थंडी वाजतीय वाटतं!" सगळे हसले. मी हसत हसत एसी बंद केला.

त्याच वेळी आळेफाट्याचा एक वर्कशॉपवाला त्याचा मास्टर घेऊन आला. मास्टर म्हणजे तीनशे मिलिमीटरचा पोलादी दांडा. त्याच्यावर तो डायलचा काटा शून्यावर लावायचा आणि चाकणच्या कंपनीला जाणारा प्रत्येक जॉब, म्हणजे घडवलेला भाग, त्याच डायलवर तपासायचा. हा दांडा चुकला तर सगळेच जॉब चुकले. "आता आलाच आहात तर आरतीला थांबा," मी म्हणालो. त्यानं चपला बाहेर काढल्या, आत आला आणि दांड्याची लाकडी पेटी समईशेजारी ठेवली.

"माझ्या मास्टरलाबी आशीर्वाद मिळू द्या, राव."

आरती झाली, नारळ फुटला, प्रसाद वाटला. मग मी एसी चालू केला. त्याला दाखला दसऱ्याआधी हवा होता आणि मला तळेघरची शेवटची एसटी गाठायची होती. ती चुकली की घरी जायला दुसरं काही नसतं. भिंतीवरच्या तापमापकात वीस दिसले आणि मी मोजायला बसलो. हवा निवली होती. फोम लावलेल्या बंद पेटीतला दांडा मात्र निवला नव्हता, आणि आमचं माप खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटात होतं. दोघांच्या तापमानात दोनेक अंशांचा फरक असणार. मी दांड्याला तापमापक लावलाच नाही.

दांडा सात मायक्रॉन लांब आला. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. पण त्याच्या कामात तेवढं पुरेसं होतं. मी दाखल्यावर तसं लिहिलं, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची सही घेतली आणि एसटी गाठली.

सुट्टीनंतर तो वर्कशॉपवाला पेटी घेऊन दारात उभा. मशीन बंद ठेवलेलं, तयार जॉब बाजूला काढलेले. कंपनीने सांगितलं होतं, मास्टर लांब असेल तर सगळे जॉब भंगारात जातील.

"दांडा पडला न्हाई, आपटला न्हाई," तो मॅडमना म्हणाला. "आधीच्या दाखल्यात बरूबर व्हता. असा कसा वाढंल? पोरगं हाये व्हय?"

पूजेच्या वेळी मॅडम त्यांच्या केबिनमध्ये होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पूजेच्या वेळी एसी चालू होता ना?"

"हो मॅडम," मी म्हणालो. वर आणखी जोडलं, "ट्रॅक्टरच्या कंपनाने काटा हलला असेल."

तो माझ्याकडे बघत होता. माझ्याच हाताने एसी बंद झाला तेव्हा तो माझ्याशेजारी उभा होता. आमच्यातलं कोणी सांगणार नव्हतं, पण त्यानं तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तो एवढंच म्हणाला, "माझ्यादेखत परत मोजा म्हंजे झालं."

या वेळी मी कुठेच घाई केली नाही. हातमोजे घालून दांडा पेटीतून काढला, आमच्या मापाशेजारी त्याच टेबलावर ठेवला, दोघांना तापमापक लावले. "रात्रभर राहू दे. उद्या या," मी म्हणालो.

"आळेफाट्याला जाऊन काय करू? मशीन बंद हाये. अवसरीला बहीण हाये, तिच्याकडं जातो."

सकाळी तो आला. मी यंत्र चालू केलं आणि आम्ही दोघं काचेबाहेरच्या बाकावर बसलो. आत गर्दी नको म्हणून मीही बाहेर. तो हळूच म्हणाला, "त्या दिशी मला लई घाम आला व्हता. आरतीचं ताट हातातनं निसटत व्हतं."

मी काचेतून आतल्या तापमापकांकडे बघितलं.

"तवा वाटलं, गर्दी हाये म्हणून. काल मॅडमनी एसीचं इचारलं, तवा ध्यानात आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं घर चालतं इथं. आन पेटी दिव्याजवळ मीच ठिवली व्हती की! पण भाऊ, माझे जॉब भंगारात गेले असते, तर बोललो असतो बरं का. एवढा पन साधू न्हाई मी."

मी उठलो आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. एसी मी बंद केला होता, काल मी खोटं बोललो, ट्रॅक्टरचा काही संबंध नाही, सगळं सांगितलं.  मॅडम म्हणाल्या, "चूक होते. पण काल मी विचारलं होतं तुम्हाला. आधी मोजणी करा, बाकीचं नंतर."

दोन्ही तापमापक वीसवर एकसारखे स्थिर होते. मी एकदा मोजलं, उलटसुलट करून पुन्हा मोजलं. दांडा बरोबर होता. मॅडमनी आधीचा दाखला रद्द केला आणि कंपनीला स्वतः फोन लावला. "चूक आमच्या खोलीची आहे," त्या म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. नंतर मला समज मिळाली, लेखी, आणि ती मिळायलाच हवी होती.

त्यानं तिथूनच वर्कशॉपला फोन केला. "चालू करा रे मशीन!" आणि पेटी बगलेत मारून निघाला. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाला, "आवो, एसटी चुकंल माझी."

आता खंडेनवमीला समई व्हरांड्यात लागते. खोलीच्या दाराला बाहेरून माळ. आत कोणी जात नाही, एसी चालूच. तो मात्र आदल्या दिवशी येतो, पेटी माझ्या हातात देतो.

"पावणं मुक्कामाला आणलंय. नीट निजवा."

मी दांडा पेटीतून काढून आमच्या मापाशेजारी ठेवतो. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातली समई तोच लावतो. वाऱ्याने वात हलली की तो हाताचा आडोसा धरतो आणि माझ्याकडे बघून हसतो. त्या दिवशीच्या त्याच्या गप्प राहण्याबद्दल मी त्याचे आभार कधी मानले नाहीत. तोंडाने जमलं नाही, म्हणून इथे मानतो.