मसालेभाताची चौकशी समिती

गणपतीच्या जेवणानंतर अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांची पोटं बिघडली आणि अध्यक्षांनी चौकशी समिती नेमली. आदेशाचा मसुदा मुलाकडे राहायला आलेल्या एका काकांनी केला. मंत्रालयातून निवृत्त झाल्यापासून आदेश काढायला न मिळाल्याने ते जरा कोमेजले होते. आता त्यांना पालवी फुटली. आदेशाला क्रमांक, प्रस्तावना, सगळं होतं. काका समितीचे अध्यक्ष, एक डॉक्टरबाई सदस्य आणि मी सदस्य सचिव, म्हणजे टायपिस्ट. मुदत पंधरा दिवस, अहवाल मंडळाच्या अध्यक्षांना. कार्यकक्षा एकच: ‘स्वयंपाकातील निष्काळजीपणाची चौकशी करून जबाबदारी निश्चित करणे.’

आदेश ग्रुपवर पडला तेव्हा आम्ही हसलो. स्वयंपाक केलेल्या काकू हसल्या नाहीत. यजमान वारल्यापासून त्यांचे शनिवार मंदिराच्या स्वयंपाकघरात जात. त्यांनी तिथे जाणं बंद केलं.

सुनावणी समितीच्या काकांच्या मुलाच्या घरी, बेसमेंटमध्ये झाली.

“विचारा काय ते,” काकू म्हणाल्या. “सून गाडीत थांबलीये.”

“भात कधी झाला?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“अकराला. झाकून टेबलांवर नेला.”

“आणि वाढला?”

“पाहुण्यांचं भाषण झालं, मग अध्यक्षांचं. तीन वाजले असतील.”

“चार तास, गरम न ठेवता? मग पोटं बिघडायला वेगळं काही लागत नाही.”

मी टाइप करू लागलो. काकांनी हात वर केला. “थांब. भाषणं आपल्या कार्यकक्षेत नाहीत.”

“काका, आदेश तुम्हीच लिहिलाय की.”

“लिहिला मी, काढला अध्यक्षांनी. समितीला स्वतःची कार्यकक्षा वाढवता येत नाही.” मग ते काकूंकडे वळले. “आणि निष्काळजीपणा झालाच, हे मी चौकशीआधीच लिहून टाकलं. तसं लिहायला नको होतं, वहिनी.”

 काकूंनी सुनेला गाडीतून आत बोलावून घेतलं, आणि चहा झाला.

सुधारित आदेशाचा मसुदा घेऊन आम्ही मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. कार्यकक्षा आता ‘स्वयंपाकापासून वाढपापर्यंत आजाराची कारणे शोधणे’ अशी होती आणि अहवाल कार्यकारिणीला जायचा होता.

“म्हणजे माझ्या भाषणाची चौकशी मीच लावायची?” अध्यक्ष म्हणाले.

“हो. आणि अहवालावर चर्चा होईल तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं,” काका म्हणाले.

त्यांनी मसुदा पुन्हा वाचला. “काकू येत नाहीत म्हणे शनिवारी?”

“नाही येत.”

त्यांनी सही केली. मला त्यांची भाषणं कधीच आवडली नव्हती. त्या दिवशी माणूस आवडला.

स्वयंपाकात दोष आढळला नाही, यापुढे जेवण भाषणांआधी वाढावं, असा अहवाल आम्ही मुदतीत दिला. कार्यकारिणीने तो स्वीकारला. अध्यक्ष स्वतः काकूंना दिवाळीच्या फराळासाठी बोलवायला गेले. मी सोबत होतो.

“येईन,” काकू म्हणाल्या. “पण तो आदेश सगळ्यांनी ग्रुपवर वाचला होता. हा अहवालही त्यांना तिथेच वाचू द्या.”

अध्यक्षांनी त्यांच्या दारात उभं राहूनच तो ग्रुपवर टाकला. काकूंनी चष्मा लावून आपल्या फोनवर तो आला का ते पाहिलं, आणि मग आम्हाला आत बोलावलं.