सिकलसेल कुणाकडून

बंगळुरात एमडीच्या प्रॅक्टिकलला मला नागपूरकडची सिकलसेलची मुलगी केस म्हणून मिळाली. तिनं गार पाण्यानं अंघोळ केली आणि मांड्यांत असह्य कळा सुरू झाल्या. परीक्षकांपुढे मी इंग्रजीत घडाघडा बोललो: हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, ऑक्सिजन घटला की पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या अडवतात. उपाय म्हणजे ऊब, सलाइन, मॉर्फिन. माना हलल्या, परीक्षक पुढे गेले.

पोरीच्या उशाशी बसलेल्या आईनं मग मराठीत विचारलं, "माझ्यामुळेच झालं ना हे?"

"नाही. एक दोष तुमच्याकडून आला, एक तिच्या बाबांकडून. दोन्ही आले म्हणून आजार झाला."

बाईंनी उठून वॉर्डचं दार सताड उघडलं.

"आता परत सांगा, डॉक्टर. मोठ्यानं. सासूबाई बाहेर बसल्यात."