तिसऱ्या ओळीखालची पेन्सिलीची रेघ

मॅट्रिक होऊन मी रत्नागिरीत एका वकिलांकडे कारकुनी करत होतो. टायपिंग येत होतं, लघुलेखन शिकलो होतो आणि इंग्रजीही बरं होतं. तरी मुंबईला धाडलेल्या एकाही अर्जाला उत्तर येत नव्हतं.

मला नकारापेक्षा त्या गप्प बसण्याचंच नवल वाटे. पेटीत टाकलेलं पाकीट आगबोटीने मुंबईला पोचतं, कुणीतरी ते फोडतं, मग पुढे होतं काय? वकीलसाहेब म्हणाले, "वशिला लागतो." आई म्हणाली, "अरे, पोचतंच नसेल." मला दोन्ही पटेना.

माझा आतेभाऊ मुंबईत फोर्टातल्या एका पेढीवर हेडक्लार्क होता. माझ्याहून बराच मोठा. इंग्रजीची गोडी मला त्यानेच लावली. शेवटी एका अर्जाची नक्कल आणि त्या जागेच्या जाहिरातीचं कात्रण त्याला पाठवलं आणि विचारलं, "दादा, यात उणं काय आहे?"

उत्तर यायला बरेच दिवस लागले. पाकिटात माझीच नक्कल परत आली होती आणि तिच्यात तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. सोबत दादाचं पत्र:

"अनेक आशीर्वाद. तुझा अर्ज मी स्वतः तपासला नाही. आमच्याकडे टपाल फोडणारा जो कारकून आहे, त्याच्या गठ्ठ्यात तो गुपचूप सरकवला. त्याने जिथे वाचणं सोडलं तिथे रेघ आहे. मी त्याला विचारलं, 'का रे?' तो म्हणाला, 'या माणसाला काय येतं ते अजून कळलं नाही, आणि खाली ढीग पडलाय.' तुझं लघुलेखन दुसऱ्या पानावर आहे. तिथवर कुणी येतच नाही.

"आता कात्रण पाहा. 'स्वहस्ताक्षरात अर्ज करावा' असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तू टाइप करून पाठवलास. कला दाखवावी म्हणून केलंस, हे मला कळतं. पण त्यांना वह्या लिहिणारा माणूस हवा आहे. त्यांना अक्षर पाहायचं होतं. जो जाहिरात नीट वाचत नाही तो हुकूम काय वाचणार, असंच त्यांना वाटेल. पगाराची अपेक्षा विचारली होती, तिथे तू 'साहेबांच्या मर्जीस येईल तो' लिहिलंस. ही नम्रता नव्हे, हे उत्तर टाळणं झालं.

"आणखी एक. वर्तमानपत्र तुझ्या हाती पडेपर्यंत इथले उमेदवार पेढीच्या जिन्यात उभे असतात. त्यात खाली रत्नागिरीचा पत्ता. या माणसाला बोलावलं तर येणार कधी, असं कुणाच्याही मनात येईल. वशिला असतो, नाही असं नाही. पण तुझा अर्ज वशिल्यापर्यंतही पोचत नव्हता. तुझ्या गुणांत खोट नाही. ते दिसत नाहीत, एवढंच."

मी ते पत्र पुन्हा वाचलं. वाईट वाटायला हवं होतं. पण मला एखाद्या यंत्राचं झाकण काढून आत पाहिल्यासारखं वाटलं. पाकिटाच्या पलीकडे खरोखर एक माणूस होता आणि त्याला घाई होती.

आईने विचारलं, "काय म्हणतोय?"

"अर्ज पोचतात म्हणतो."

"मग?"

"मीच त्यात नसतो."



पुढच्या जाहिरातीला मी एकाच पानाचा अर्ज लिहिला, शाळेत बोरूने गिरवलेल्या जुन्या वळणाने, सावकाश. पहिल्याच ओळीत टायपिंग आणि लघुलेखन. पगाराचा आकडा लिहिताना हात थबकला, पण लिहिला. दादाला विचारून त्याच्या बिऱ्हाडाचा पत्ता दिला. पावसाळा संपून आगबोटी चालू झाल्या होत्या, म्हणून 'निरोप मिळताच हजर होईन' असंही लिहिलं.

उत्तर आलं! जागा भरली आहे, असं. दोन ओळींचा नकार, तोही दादाने पुढे धाडलेला. मी तो घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "नकाराचे पेढे कोण वाटतं?" पण मला तो कागद हातात धरून हसू आवरेना.

त्यानंतरच्या अर्जाला मात्र बोलावणं आलं. दादाने तारच केली. बंदराजवळ मिऱ्या डोंगराच्या बाजूला समुद्र शांत होता. होडीतून आगबोटीवर चढताना आईने दिलेली पोह्यांची पुरचुंडी मी छातीशी धरली होती.

बोलावणं आलेल्या पेढीवर एका गृहस्थांनी एक मजकूर भरभर सांगितला आणि मी तो टिपून वाचून दाखवला. मग ते म्हणाले, "मुंबईतच राहता ना?"

"नाही साहेब. रत्नागिरीहून आज सकाळी उतरलो."

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग कागदाकडे. "सोमवारपासून या," म्हणाले.

संध्याकाळी दादाच्या खोलीवर आम्ही दोघं पोहे खात बसलो. मी म्हणालो, त्या टपालवाल्या कारकुनाशी माझी भेट घालून दे. दादा हसला. "त्याला आठवणारही नाही रे."

तरी मी भेटलोच. माणूस गप्पिष्ट निघाला आणि चहा पिता पिता त्याने मला, पाकीट न फाडता कसं उघडायचं, ते दाखवलं.