अंमल एक ऑगस्टपासून

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात शांताराम सावे तेहतीस वर्षं राबला. त्याची ओळख मात्र अक्षरामुळे. कामगार आणि व्यवस्थापन समोरासमोर बसले की इतिवृत्त लिहायला शांतारामच हवा, हे साहेबांनाही मान्य. जवळच्याच माहीम गावाहून तो स्वतःचं पेन घेऊन यायचा. कंपनीचं पेन ऐन सहीच्या वेळी दगा देतं, असं त्याचं म्हणणं.

बावीस जुलैला पगारवाढीची नववी बैठक होती. जुना करार एकतीस मार्चलाच संपलेला. कामगारांची मागणी साधी: वाढ एक एप्रिलपासून द्या. शांतारामचा सगळा जीव त्या तारखेत अडकला होता, कारण एकतीस जुलैला तो निवृत्त होणार होता. वाढ एप्रिलपासून आली तर त्याचा शेवटचा पगार वाढणार होता आणि त्यावर मोजली जाणारी ग्रॅच्युइटीही.

चहा आला आणि मनुष्यबळ विभागाचे धीरज साहेब गोड हसले. हा माणूस गोड हसला की कुणाच्या तरी तोंडचा घास जातो.

"एप्रिलपासून धराल तर महिना चार हजार दोनशे. ऑगस्टपासून धराल तर चार हजार आठशे. तुम्हीच ठरवा."

युनियनचा अध्यक्ष सुजित कमिटीला घेऊन बाहेर गेला. एका बाजूला एकशे साठ कामगार, दुसऱ्या बाजूला निवृत्त होणारे तिघं. परत आल्यावर त्यानं शांतारामकडे पाहिलंच नाही, तेव्हाच काय ते कळलं.

शांताराम लिहू लागला. 'मान्य मुद्दे: दरमहा वाढ ४,८०० रुपये. मुदत १ एप्रिलपासून तीन वर्षे. वाढीचा अंमल १ ऑगस्टपासून, त्या दिवशी हजेरीपटावर असणाऱ्यांनाच लागू.' स्वतःला वगळणारी ओळही त्यानं वळणदार काढली.

"आता आमचा आक्षेप लिवा," सुजित म्हणाला.

मागच्या वेळी काय शब्द घातले होते ते बघायला शांतारामनं वहीची जुनी पानं उलटली. २०२२ च्या करारात ते वाक्य होतं, त्याच्याच अक्षरात. 'निवृत्त होणाऱ्यांना लाभातून वगळण्यास युनियनचा आक्षेप नोंदवण्यात येत आहे.' तेव्हा वाढीचा अंमल एक जुलैपासून होता आणि बॉयलरवरचा जिवल्या तीस जूनला निवृत्त झाला होता. वर्षभर तो जव्हारकडच्या पाड्यावरून येऊन गेटवर उभा राहायचा. "दादा, माझा काय झाला?" शांताराम दर वेळी सांगायचा, "आक्षेप नोंदवलाय ना, होईल कायतरी." त्या आक्षेपाला पुढं कुणी हात लावला नाही. शांतारामनंही नाही. आज त्याला लाज वाटली, पण फार उशिरा.

तेच वाक्य त्यानं जसंच्या तसं उतरवलं. इतिवृत्त वाचून दाखवलं. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या आणि सह्यांसाठी वही फिरली.

"तात्या, मनाला लावून घेऊ नका," सुजितनं खांद्यावर हात ठेवला. "आक्षेप नोंदवलाय ना, होईल कायतरी."

शांतारामनं मान खाली घालून सही केली. ते पान आता तीन वर्षांनी उघडणार होतं, तेही शब्द बघून उतरवण्यापुरतं.