कापसावर झालेलं साक्षगंध

त्या वर्षी बीटी कापूस चांगला पिकला आणि भाव पडला. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात ज्यांना पैशांची घाई नव्हती, त्यांनी कापूस विकला नाही, घरात भरून ठेवला. आमच्या घरी पुढची खोली भरली होती. ढीग खिडकीच्या वरपर्यंत गेला होता आणि ये-जा करायला भिंतीलगत एक पाऊलवाट उरली होती. संक्रांतीनंतर भाव चढेल, असा वडिलांचा अंदाज होता. या कापसाचा खर्च आधीच ठरलेला होता. बहीण डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती आणि दुसऱ्या वर्षाची फी त्यातून भरायची होती.

तशात तिची सोयरीक जमली. मुलगा मलकापूरकडचा, घरची कपाशीची शेती. शिक्षण पूर्ण होऊ द्यावं, लग्न त्यानंतर करावं, हे बैठकीत मान्य झालं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मात्र लगेच उरकायचं होतं. दोन्हीकडची पंचवीस-पंचवीस माणसं, जागा आमचं घर.

मी तेव्हा बुलढाण्याला एका दैनिकात होतो. रोज बातम्यांची लांबी मोजणाऱ्याला खर्चही मोजता येईल, या समजुतीने अंदाजपत्रक माझ्याकडे आलं. सोयाबीनचे बारा हजार घरात होते आणि त्याच्या बाहेर जायचं नव्हतं. नवरदेवाची अंगठी आणि कपडे साडेतीन हजार. पन्नास माणसांचं जेवण तीन हजार. त्यात वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी, कढी, बुंदी आणि आचाऱ्याची मजुरी. कनात, सतरंज्या, भांडी यांचं भाडं एक हजार. पाहुण्या पुरुषांना टोपी-टॉवेल आणि बायकांना खण, दीड हजार. फोटोवाला सातशे. हार, पेढे, ओटीचं आणि पूजेचं सामान तेराशे. उरलेले हजार न आठवलेल्या गोष्टींसाठी. साडी, मुलीची अंगठी आणि साखरेचा पुडा मुलाकडचे आणणार होते.

आईने यादी ऐकली आणि पहिलीच चूक काढली.

"सुपाऱ्या कुठी हायेत?"

"पूजेच्या सामानात धरल्या."

"धरल्या म्हणू नको. लिही. धरलेली वस्तू ऐनवेळी सापडत नाही."

सुपाऱ्या, विड्याची पानं, नारळ, हळकुंडं, तांदूळ, पाट अशा ओळी वाढत गेल्या. मग बहिणीने विचारलं, "अन् माणसं बसतीन कुठी?"

याचं उत्तर यादीत नव्हतं. खोलीत कापूस होता. अंगणात कनात लावता येत होती, पण तिथे जेवणाच्या पंगती बसणार होत्या. वडील म्हणाले, पाहू. चार दिवस ते पाहत राहिले.

कार्यक्रम तीन दिवसांवर आला तेव्हा मामांचा फोन आला. हे आईचे दूरचे भाऊ. सोयरीक यांनीच जुळवली होती आणि दोन्ही घरांतले निरोप यांच्यामार्फतच जात. फोन वडिलांनी घेतला. मामांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"भाऊजी, तिकडून पंचेचाळीस माणूस येऊन राह्यलं. अन् त्याईचं म्हणणं हाय का हॉल असला त बरं. मोताळ्यात एक हाय, अर्ध्या दिवसाचे चार हजार."

"पंचवीस ठरले होते ना?"

"सोयऱ्याच्या घरी मोजमाप चालते काय हो? इज्जतीचा प्रश्न हाय."

वडिलांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी आकडा सांगितला. हॉलचे चार हजार, वाढीव वीस ताटांचे बाराशे, आपली माणसं मोताळ्याला न्यायला गाडीचे पंधराशे. सहा हजार सातशे जास्त.

संध्याकाळी गावातला कापूस घेणारा व्यापारी ओट्यावर येऊन बसला. त्याला वडिलांनीच बोलावलं होतं, हे विचारायची गरज नव्हती. वडिलांनी त्याला चार क्विंटल घ्यायला सांगितलं.

"चार क्विंटलसाठी टेम्पो आणू काय?" तो म्हणाला. "घेईन त सगळा घेईन. रोख देतो."

त्याचा भाव बाजारापेक्षा कमी होता आणि बाजाराचा भाव आधीच पडलेला. सगळा कापूस त्या भावात गेला, तर साक्षगंध थाटात होणार होतं आणि दुसऱ्या वर्षाची फी अर्धीच उरणार होती. शिक्षण थांबलं की लग्न पुढे ढकलण्याचं कारणही संपत होतं. हे सगळ्यांना कळत होतं. बोलली बहीण.

"बाबा, माही फी विकून माह्या साक्षगंधाचा हॉल घेता काय?"

"तुही फी कोण विकते? कापूस विकून राह्यलो."

"एकच झालं ना."

व्यापारी चपला घालता घालता म्हणाला, "सकाळी काटा घेऊन येतो. तवरिक ठरवून ठेवा." तो गेल्यावर वडिलांनी हिशोबाचा कागद पुन्हा मागून घेतला. मुलाकडच्यांना आकडा कमी करा म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. मुलीचा बाप तसं बोलत नाही, हा नियम त्यांनी कुठे वाचला नव्हता, पण पाळत आले होते.

आईला हा नियम लागू नव्हता, किंवा तिने तसं गृहीत धरलं. तिने मला नंबर लावायला सांगितला आणि थेट मुलाच्या आईशी बोलायला घेतलं. आधी तब्येत, मग गाईचं दूध, मग तुरीवरची अळी. मग म्हणाली, "इहीणबाई, एक विचारू काय? राग नका मानू. पंचेचाळीस पानाची बुंदी पाडाची का पन्नासाची?"

पलीकडून काही बोलणं झालं. आईचा चेहरा बदलला, मग ती हसायला लागली. रिसिव्हरवर हात ठेवून तिने आम्हाला सांगितलं, "त्या म्हणतात, आमचे पंचवीसच व्हते. मामानं सांगतलं, मुलीकडच्यायनं हॉल घेतला, माणसं कमी दिसतीन त शोभा जाईन, म्हून वीस वाढवले. त्याईले त जीप कराची पंचाईत पडली."

मामांनी दोन्हीकडची इज्जत स्वतःच्या खर्चाशिवाय वाढवली होती. पुढची दहा मिनिटं त्या दोघींनी काम केलं. माणसं पंचवीसच. टोपी-टॉवेल आणि खण दोन्हीकडून बंद. कोणी द्यायचे नाहीत, कोणी घ्यायचे नाहीत. पेढे त्यांचे, हार आमचे. जागा घर. फोन ठेवून आई म्हणाली, "लिही. दीड हजार वाचले, अन् पेढ्याचे वेगळे."

सकाळी व्यापारी आला तेव्हा वडिलांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

जागेचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यावर तोडगा वडिलांनीच काढला. कापूस हलवायचा नाही, दाबायचा. शेजारचे चार गडी ढिगावर चढले आणि दोन तास नाचल्यासारखे तुडवत राहिले. ढीग मागच्या भिंतीकडे सरकत, बसत कमरेइतका झाला. पुढे निम्मी खोली मोकळी झाली. दाबलेल्या कापसावर ताडपत्री आणि तिच्यावर सतरंजी घातली की स्टेज तयार होणार होतं. ताडपत्री थोडी कमी पडली. उरलेल्या पूर्वेकडच्या तुकड्यावर आईने जुन्या गोधड्या टाकल्या.

माझ्या यादीत सर्वात वर एक ओळ आली: काडीपेटी, बिडी, उदबत्ती, कापूर खोलीच्या बाहेर. आईला हे पटेना.

"दिवा नाही त साक्षगंध कायचं?"

"कापसात दिवा लावते काय?" वडील म्हणाले.

समई तुळशीपाशी ठेवायची, दारातून दिसेल अशी, आणि औक्षण उंबऱ्याबाहेर करायचं, असं ठरलं. चूल शेजाऱ्यांच्या खळ्यावर गेली. दोन बादल्या पाणी दारात आलं.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. मोजून अठ्ठावीस होते. तीन म्हणजे कमीच वाढले, असं आई म्हणाली. उंबऱ्याबाहेर नवरदेवाचं औक्षण झालं. तो आत आला, कडेने पांढरं दिसणारं स्टेज पाहून थांबला आणि चढायला पाट मागितला. नवऱ्या मुलाचं तोंड पूर्वेला हवं, वडीलधाऱ्यांना मानाची जागा हवी, म्हणून मामांनी सगळ्यांना नीट ओळीने बसवलं. ती ओळ नेमकी गोधड्यांवर आली. मामा स्वतः मध्यभागी बसले.

साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. गोधड्यांतून ती किती वेळात वर येते, हे कोणी मोजलेलं नव्हतं. कुंकू लागलं, साडी आणि साखरेचा पुडा बहिणीच्या ओटीत पडला, ती आत जाऊन साडी नेसून आली, तोवर ओळ स्थिर होती. सुपारी फुटताना मामांनी पहिल्यांदा मांडी बदलली. अंगठी घालायची वेळ आली तेव्हा नवरदेव उजव्या हाताने डावा कोपर खाजवत होता. फोटोवाला म्हणाला, "हात खाली घ्या ना भाऊ." त्याने हात खाली घेतला आणि पोटरी खाजवली. बहिणीने मान खाली घातली होती. ती लाजल्याचं पाहुण्यांना वाटलं. तिचे खांदे हलत होते.

शेवटी मुलाच्या वडिलांनीच सगळ्यांसमोर पाठ खाजवली.

"इवाई," ते आमच्या वडिलांना म्हणाले, "आमच्या घरीबी असाच भरून हाय. पण आम्ही त्याच्यावर पाहुणे नाही बसवत."

वडील ओशाळले. "माफ करा हो. ताडपत्री कमी पडली."

"इकून काऊन नाही टाकला?"

वडील सतरंजीची घडी सरळ करू लागले. तेवढ्यात बहीण म्हणाली, "माही फी हाय ती, बाबा."

त्या घरातल्या कोणाशी ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि 'बाबा' म्हणून. मुलाच्या वडिलांनी गोधडीचा कोपरा उचलला, मूठभर कापूस काढला, बोटांनी ओढून धागा पाहिला.

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले. "फीवर बसलो त थोडं खाजवनच. धागा चांगला हाय इवाई, पण ही कवडी वेगळी काढा. डागी बोंडं मिसळली का व्यापारी सगळ्याचाच भाव पाडते." मग मुलाकडे वळून, "पाह्यलं काय बे? मास्तरीण करून राह्यला तू. आतापासून शिक हिशोब."

मामा तोवर अंगणात गेले होते आणि सदऱ्याच्या आत कडुनिंबाचा पाला घासत होते.

पंगत चार वाजता उठली. न आठवलेल्या गोष्टी हजारात बसल्या नाहीत, तरी बारा हजारांतले अकराशे उरले. दुसऱ्या दिवसापासून बहीण आणि आई कवडी वेचायला बसल्या. ते काम आठवडाभर पुरलं. संक्रांतीनंतर भाव चढला, वडिलांच्या अंदाजाइतका नाही, पण व्यापाऱ्याच्या भावापेक्षा बराच वर. बैलगाडीवर कापूस बांधला गेला तेव्हा बहीण घरी नव्हती. तिचा त्या दिवशी शाळेत सराव पाठ होता, आणि वर्गात पोरांसमोर खाजवायचं नाही म्हणून ती आदल्या संध्याकाळीच मैत्रिणीकडे राहायला गेली होती.