परस्पर संमतीनं

नोकरी सोडताना माणसाला एकदाच सही करायची असते. मी तीही भलत्याच जागी केली.

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी बावीस वर्षं हेडक्लार्क होतो. हेडक्लार्क म्हणजे एक टेबल, दोन कपाटं, आणि हाताखाली मीच. थोरल्या मालकांनी कधीकाळी एका पत्रावर लिहून दिलं होतं, की त्यांच्या वतीनं सही करायचा अधिकार मला आहे. तेव्हापासून गेटपास असो, बँकेचं पत्र असो की कामगाराचा दाखला, खाली उजवीकडे गोल शिक्का, शिक्क्याच्या वर ‘करिता’, आणि त्या करिताखाली माझी सही. हाताला असं वळण लागलं की कुणी लग्नपत्रिका समोर धरली तरी माझा हात उजव्या कोपऱ्याकडे जायचा.

थोरले मालक गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. त्यांना आम्ही भैय्या म्हणायचो. जिनिंग चालवणं काही भैय्यांच्या जिवाला मानवेना. त्यांनी जालन्याच्या एका व्यापाऱ्याला सगळं आवार सोयाबीन-हरभऱ्याच्या गोदामासाठी भाड्यानं द्यायचं ठरवलं. गोदामाला हेडक्लार्क लागत नाही, कुलूप लागतं. इकडे मलाही जिंतूर रोडवरच्या एका शेतकरी कंपनीनं हिशोब बघायला बोलावलं होतं. म्हणजे त्यांना मी नको होतो आणि मलाही जायचंच होतं, पण बावीस वर्षांच्या मुरवतीपायी आधी कोण बोलणार, म्हणून आम्ही दोघं पंधरा दिवस एकमेकांना नुसता चहा पाजत होतो. शेवटी भैय्याच म्हणाले, “काका, राजीनामा नको अन् काढून टाकणं पण नको. आपण परस्पर संमतीनं करू.”

मला ते फार भारदस्त वाटलं. मी लगेच हो म्हणालो.

परभणीच्या वकीलसाहेबांनी मजकूर तयार करून व्हॉट्सअॅपवर पाठवला. भैय्यांना मराठी टायपिंग येत नाही, तेव्हा तो कंपनीच्या लेटरहेडवर घेऊन छापायचं कामही माझ्याचकडे. पण मी तो वाचला नाही. दुसऱ्याचं पत्र मी तीनदा वाचतो, कॉमा मोजतो. स्वतःला निरोप देणारं पत्र वाचायला मात्र कसंसंच झालं. नुसते समास नीट केले, दोन प्रती काढल्या, सवयीनं शिक्के मारले आणि सवयीनंच दोन्हींवर सही ठोकून प्रती भैय्यांसमोर ठेवल्या.

भैय्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ‘करिता’च्या खाली मी होतो. डावीकडे ‘वाचले, समजले, मान्य आहे’ असं होतं, तिथं कोरं.

“काका,” ते म्हणाले, “तुम्ही तर स्वतःच स्वतःला सोडलंत. आणि मान्य कुणीच केलं नाही.”

मी म्हटलं, लगेच दुसऱ्या काढतो. प्रिंटरनं तिसऱ्या कागदावर नुसती राखाडी रेघ काढली. टोनर संपला होता. टोनर मागवायची चिठ्ठी आठवडाभर माझ्याच टेबलावर होती. सही उद्यावर गेली. वाया गेलेली एक प्रत मी घडी करून खिशात घातली आणि जेवायला घरी गेलो.

घर म्हणजे आवारातलंच क्वार्टर. ऑफिसातून निघून गाड्यांच्या वजनकाट्याला वळसा घातला की दार. तिथंच माझी लेक वाढली आणि तिथंच ती बारावीचा अभ्यास करत होती. तिची एक अडचण होती. जन्मापासून मशिनीच्या घरघरीत वाढलेली पोर, मशिनी बंद झाल्यावर तिचं लक्षच लागेना. “लय शांत हाय बाबा,” म्हणायची. मग तिच्या आईनं दुपारी मिक्सर लावून द्यायला सुरुवात केली. त्या महिन्यात आमच्याकडे शेंगदाण्याचं कूट फार साठलं.

बायकोला मी सहीचा किस्सा हसत हसत सांगितला. ती हसली, मग हात पुसून म्हणाली, बघू तो कागद. आमची ही बचतगटाची सचिव. बँकेचा माणूस कर्जाचे कागद घेऊन आला की दहा बायका अंगठा पुढं करून बसतात, आणि ही एकटी चष्मा लावून प्रत्येक ओळीखाली बोट फिरवते. बँकेचा माणूस तोवर दोनदा चहा पितो.

बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

“परस्पर संमतीनं. हे बाकी खरं लिवलंय.”

“म्हणजे?”

“परस्परच ठरवलं की तुमी. मला इचारलं होतं का?”

मी समजावून सांगितलं, की कायद्याच्या भाषेत परस्पर म्हणजे दोघांनी मिळून. ती म्हणाली, घरच्या भाषेत परस्पर म्हणजे कुणाला न सांगता, आणि कागद सध्या घरात आहे. मी भाकरी मोडायला घेतली.

बोट पुढं सरकलं. कामाचा शेवटचा दिवस जानेवारीअखेर. नोटिशीचा एक पगार, शिल्लक रजेचे पैसे. ग्रॅच्युइटी आणि पीएफ कायद्याप्रमाणे वेगळे मिळतील, ते या पत्रानं सुटत नाहीत. वकीलसाहेबांनी हे आपणहून लिहिलं होतं. अनुभवाचा दाखला द्यायचा. मी किल्ल्या, शिक्के आणि ऑफिसचा मोबाइल परत करायचा. सहाव्या कलमावर बोट थांबलं ते उठेचना. कामाच्या शेवटच्या दिवशी क्वार्टर रिकामं करून ताबा द्यायचा.

“परीक्षा कधी हाय पोरीची?”

“फेब्रुवारी-मार्च.”

“मग फेब्रुवारीत आपुन कुठं राहायचं, काट्यावर?”

मी म्हटलं, अगं, भैय्या स्वतः म्हणालेत, परीक्षा होईस्तोवर राहा म्हणून. त्यांचा शब्द आहे. तिनं बोट आठव्या कलमावर नेलं आणि मोठ्यानं वाचलं. वरील सर्व बाबी मिळाल्यावर कर्मचाऱ्याचा कंपनीवर कोणताही हक्क, दावा वा मागणी शिल्लक राहणार नाही. याआधी झालेली सर्व तोंडी बोलणी या पत्रात विलीन झाली आहेत.

“विलीन म्हंजे?”

“मिसळून गेली.”

“मग मिसळलेलं दाखवा की. सहात तर दिसंना मला. भैय्यांचा शब्द ह्या आठानं खाल्ला बघा.”

मग तिनं माहेरची गोष्ट काढली. तिच्या भावांनी शेताच्या हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, तेव्हा विहिरीचं पाणी आणि आंब्यांनी भरलेली एक डाली दरसाल बहिणीला, असं तोंडी ठरलं होतं. आंबे एक वर्ष आले. तिचं भावांशी भांडण नाही, भाऊबीजेला दोघंही येतात, पण तेव्हापासून ती आंब्याचा विषय निघाला की कागद मागते.

मला ते पटलं. अवघड एवढंच होतं, की भैय्यांना सांगायचं कसं. त्यांच्या शब्दावर भरवसा नाही, असं तोंडावर म्हणायचं? बावीस वर्षांत मी पगारवाढसुद्धा मागितली नव्हती. थोरल्या मालकांना आठवण झाली की ती आपोआप व्हायची, आणि त्यांची आठवण फार चांगली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टोनर आला. भैय्यांना मजकूर काढून द्यायचा म्हणून मी कॉम्प्युटरसमोर बसलो. आणि इथं माझ्या मनात पाप आलं. टायपिंग माझं, छपाई माझी. भैय्याही वडिलांसारखेच, माझ्या हातचा कागद न वाचता सही करणारे. मी सहावं कलम पुसलं आणि त्या जागी लिहिलं, ‘क्वार्टरचा ताबा ३१ मार्चपर्यंत कर्मचाऱ्याकडे राहील.’ टाईप करताना ‘ताबा’चं दोनदा ‘तांबा’ झालं.

दोन प्रती काढल्या. भैय्यांनी पेन उघडलं. त्यांची नजर कागदावर नव्हतीच, ते फोनवर जालन्याच्या व्यापाऱ्याशी बोलत होते. पेन ‘करिता’खाली टेकणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं.

“भैय्या, सहावं वाचा.”

त्यांनी फोन ठेवला. वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“हे वकीलसाहेबांनी बदललं?”

“नाही. मी. परस्पर.”

मी चुकून योग्य शब्द वापरला होता. भैय्या म्हणाले, की त्यांनी शब्द दिलाय हे खरं आहे. पण जालनावाल्यानं काल सांगितलं, त्याचा राखणदार एक तारखेपासून त्याच क्वार्टरमध्ये राहणार. हे मला कसं सांगावं, म्हणून ते कालपासून गप्प होते. म्हणजे मुरवत दोन्हीकडून होती, आणि तिच्या पायी माझी लेक रस्त्यावर येणार होती. मी म्हटलं, “भैय्या, पोरगी बारावीला आहे. एवढंच मागतोय.” बावीस वर्षांतली माझी ती पहिली मागणी, आणि आठव्या कलमावर सही करायच्या आधी केलेली.

भैय्यांनी वकीलसाहेबांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. वकीलसाहेब आधी मलाच बोलले, की हेडक्लार्कसाहेब, मजकूर असा आपल्या मनानं बदलत नसतात. भैय्यांनी न वाचता सही केली असती तर पुढं हे पत्रच वादात गेलं असतं. मग सांगितलं, की ‘ताबा कर्मचाऱ्याकडे’ असं लिहू नका, उद्या भाडेकरूपणाचा वाद निघेल. ‘कंपनीच्या परवानगीने, विनाभाडे, फक्त ३१ मार्चपर्यंत राहण्याची मुभा’ असं लिहा. आणि आठमध्ये ‘कलम सहामधील मुभा वगळता’ हे शब्द घाला, नाहीतर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतल्यासारखं होईल. मी लिहून घेत होतो. आमच्या हिनं हेच आदल्या दुपारी एका बोटानं सांगितलं होतं, आणि फीही घेतली नव्हती.

मग भैय्यांनी जालन्याला फोन लावला. राखणदारानं मार्चअखेरपर्यंत काटाघराशेजारच्या खोलीत राहायचं, असं ठरलं. तिथं पंखा नव्हता. आमच्याकडचा जास्तीचा मी देतो म्हणालो. तो फक्त पत्रात लिहायचा राहिला.

तिसऱ्यांदा प्रती निघाल्या. भैय्यांनी या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं आणि ‘करिता’खाली सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं आणि कागदाची डावी बाजू बोटानं दाबून धरली, लहान मुलाला दाखवतात तशी. मी वाचलं. मला समजलं. मान्य आहे, म्हणून सही केली. शिक्का मारायला हात पुढं गेला तर भैय्यांनी तो हळूच उचलून आपल्या खणात ठेवला.

लेकीची परीक्षा क्वार्टरमध्येच झाली. राखणदार भला माणूस निघाला. पोरगी अभ्यासाला बसली की तो आपण होऊन काटाघरातला जुना ब्लोअर चालू करायचा. मार्चअखेर आम्ही सामान हलवलं. नवीन घरमालक भाडेकरार घेऊन आले, पुढं पेन केलं, मीही उजवा कोपरा शोधायला लागलो, तेव्हा आतून ही चष्मा पुसत बाहेर आली.

“थांबा. आधी मी वाचते. मग मी बोट ठेवते, तिथंच सही करा. परस्पर करू नका.”