सोळाव्या ओळीतला पुरुष

ग्रंथालयात दोन जावा कामाला होत्या. एकाच घरातल्या आणि एकाच खोलीतल्या, म्हणून सगळे त्यांना थोरल्या आणि धाकट्या म्हणत. खोलीत जुन्या वर्तमानपत्रांची पानं यंत्राखाली घालून त्यांची चित्रं काढली जात. मग दुसरं यंत्र त्या चित्रांतली अक्षरं वाचून टंकलेला मजकूर देई. कुठला मजकूर आधी वाचायचा आणि कुठला नंतर, हे मात्र माणसानेच पाहायचं. प्रत्येक बातमीभोवती चौकट आखायची आणि तिला क्रमांक द्यायचा, हेच या दोघींचं काम.

थोरलीने आधी अठरा वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडला तेव्हा ती इथे आली, आणि दोन वर्षांनी साहेबांकडे शब्द टाकून तिने धाकटीलाही इथे चिकटवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं आता तिला रोज वाटे. थोरलीची दिवसाला पंधरा पानं होत आणि धाकटीची चाळीस. धाकटी यंत्राला आपणहून चौकटी आखू देई, वरवर नजर फिरवी आणि पुढचं पान घेई. शिवाय गुणगुणे. ते गुणगुणणं थोरलीच्या डोक्यात जाई.

बरं, घरी तरी सुटका असावी! तिथे सासूबाई म्हणत, "धाकटी कशी, हसतखेळत काम उरकते." म्हणजे थोरली रडतखडत उरकते, असंच ना? नवऱ्याला सांगावं तर तो म्हणे, "अगं, तूच तर तिला नोकरी लावलीस," आणि कूस बदलून झोपे. मोठ्या मनाची म्हणून थोरलीचं नाव होतं, आणि ते नाव सांभाळता सांभाळता तिच्या जिवाचा नुसता जळफळाट होई.

त्यात ग्रंथपाल साहेबांनी जाहीर केलं की खोलीत एक तपासनीस नेमायचा आहे. सगळ्यांची पानं शेवटी त्याच्या नजरेखालून जातील. शुक्रवारी दोघींची काही पानं साहेब स्वतः बघणार होते. ती जागा आपली आहे, याबद्दल थोरलीला तिळमात्र शंका नव्हती. साहेबांना मात्र असावी, कारण परवाच ते धाकटीच्या टेबलाशी उभं राहून "वा, वा" म्हणाले होते.

आणि सोमवारी घबाड हाती लागलं.

धाकटीने आदल्या आठवड्यात पुरं केलेलं एक पान थोरली सहज म्हणून चाळत होती. सहज कसलं, मुद्दाम. साठेक वर्षांपूर्वी एका सूतगिरणीला आग लागली होती, त्याची बातमी होती ती. पानाच्या डावीकडे इस्पितळात नेलेल्या तेवीस माणसांचा तक्ता होता: क्रमांक, नाव, वय, शेरा. उजवीकडे तीन स्तंभांत बातमी. टंकलेला तक्ता वाचता वाचता थोरली सोळाव्या ओळीवर थबकली. नाव पुरुषाचं, वय बेचाळीस, आणि शेरा, "बरी होऊन घरी गेली."

बरी? बेचाळीस वर्षांचा बाप्या बरी होऊन घरी गेली?

अठरा वर्षं मुद्रितं तपासलेल्या डोळ्यांना एवढं पुरे होतं. तिने पुढे बातमी उघडली. तिची सुरुवातच अशी होती: "बरा होऊन घरी गेला. गिरणीच्या कापूस-विभागात सकाळी आग लागली." कुणाचा तरी हरवलेला बरा इथे येऊन बसला होता तर!

तिने मूळ पानाचं चित्र मोठं करून पाहिलं आणि सगळा प्रकार उलगडला. तक्त्याला उभ्या रेघाच नव्हत्या. वय आणि शेरा यांच्यामधली कोरी पट्टी बातमीच्या दोन स्तंभांमधल्या पट्टीएवढीच रुंद होती. यंत्राला वाटलं, तक्ता वयाशीच संपला, आणि शेरे म्हणजे बातमीचाच पहिला स्तंभ. म्हणून त्याने आधी सगळी नावं वाचली, मग सगळे शेरे एकाखाली एक, आणि त्यांनाच जोडून बातमी. एवढं धाकटीच्याही ध्यानात आलं होतं. तिने काय केलं, तर तेवीस नावं मोजली, शेऱ्यांच्या तेवीस ओळी कापल्या आणि नावांपुढे चिकटवून मोकळी झाली. पण नवव्या माणसाचा शेरा दोन ओळींचा होता: "दोन्ही हात भाजले," आणि खालच्या ओळीत "उपचार चालू". म्हणजे शेरे तेवीस आणि ओळी चोवीस. नवव्याचं "उपचार चालू" दहाव्याला लागलं, आणि तिथून पुढे प्रत्येकाच्या नशिबी वरच्याचा शेरा आला. शेवटच्याचा उरला, तो बातमीच्या डोक्यावर जाऊन बसला.

सगळ्या तक्त्याला एक चौकट घालायची, हा तक्ता आहे असं यंत्राला सांगायचं, प्रत्येक माणसाच्या खाली आडवी रेघ आखून दोन ओळींचा शेरा एकाच घरात ठेवायचा, आणि मग बातमीच्या तीन स्तंभांना एक, दोन, तीन असे क्रमांक द्यायचे. पंधरा मिनिटांचं काम. पण चाळीस पानं करणारीला पंधरा मिनिटं कुठून असणार!

थोरलीने वहीत तारीख घातली, पान क्रमांक लिहिला, खाली "ओळ ९ पासून शेरे घसरले" असं लिहिलं आणि वही मिटली. धाकटीला सांगितलं नाही. शुक्रवारी साहेबांसमोरच सांगू, सावकाश, मोठ्या मनाने. त्या रात्री तिला छान झोप लागली.

गुरुवारी सकाळी खोलीतल्याच चौकशीच्या खिडकीत धाकटी बसली होती. एक म्हातारे गृहस्थ आले. सत्तरीला टेकलेले, हातात कापडी पिशवी, चष्म्याची काच जाड.

"माझी आई गिरणीत होती. आगीच्या वर्षी मी सात वर्षांचा होतो. मावशीनं वाढवलं मला. आई गेली, एवढंच सांगायची. पेपरात यादी आली होती म्हणतात, ती बघायची होती एकदा."

त्यांनी नाव सांगितलं. धाकटीने शोधलं, आणि मूळ पानाची बारीक अक्षरं त्यांना दिसायची नाहीत म्हणून टंकलेला तक्ता मोठ्या अक्षरांत छापून दिला. मनाने चांगली होती ती, हेच तर दुखणं होतं.

थोरली आपल्या टेबलाशी ताठ झाली. कुठली यादी, हे तिला विचारावं लागलं नाही.

म्हाताऱ्यांनी कागद चष्म्याशी नेला आणि बोट खाली खाली सरकत बाराव्या ओळीवर थांबलं. "बरी होऊन घरी गेली," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग धाकटीला विचारलं, "घरी गेली म्हणजे? कुणाच्या घरी?"

धाकटी खुर्चीतून उठली. "काका, बसा ना जरा. पाणी देऊ?"

ते भिंतीलगतच्या बाकावर बसले, कागद मांडीवर घेऊन. बारावी ओळ. बाराव्या बाईचा खरा शेरा तेरावीत गेला होता, आणि तो काय होता ते थोरलीला पाठ होतं. आत्ता उठावं आणि सांगावं. पण साहेब वरच्या मजल्यावर बैठकीत होते, अर्ध्या तासात खाली येणार होते. ते आले की त्यांच्या देखत सांगितलं तर उद्याची वाटसुद्धा बघायला नको. अर्धा तास काय, साठ वर्षं थांबलाय माणूस, असं तिच्या मनात आलं. आलं खरं, आणि तिने ते येऊ दिलं.

दहा मिनिटं गेली. म्हातारे कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले, "बरी झाली होती. मग मला न्यायला का नाही आली?"

धाकटीने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "मी काय केलं होतं तिचं?" एवढं बोलून ते सात वर्षांच्या पोरासारखे रडायला लागले.

थोरली उठली. साहेब आले नव्हते, आणि त्याचं तिला भानही राहिलं नव्हतं. "काका, तो शेरा तुमच्या आईचा नाही. वरच्या ओळीतल्या बाईचा आहे. इकडे या, मूळ पान दाखवते." तिने पडद्यावर पान मोठं केलं आणि पट्टी आडवी धरली, छापखान्यात धरायची तशी. बारावी ओळ, नाव, वय एकोणतीस, शेरा: मृत.

म्हाताऱ्यांनी पट्टीच्या कडेने बोट फिरवलं. "म्हणजे गेली," ते म्हणाले. "म्हणजे गेलीच ना? मला सोडून नाही गेली?"

"नाही हो, काका."

त्यांनी डोळे पुसले आणि दोन्ही हात जोडले. "बाई, तुमचे फार उपकार झाले." ते उपकार थोरलीला चटका बसावा तसे लागले. तिने दुरुस्त तक्ता छापून दिला, त्या नव्या कागदाची घडी पिशवीत घालून म्हातारे गेले.

साहेब खाली आले तेव्हा धाकटीने आपणच सगळं सांगून टाकलं. "चूक माझी, साहेब. ओळी मोजल्या, माणसं नाही मोजली. जाऊबाईंनी लगेच पकडलं म्हणून बरं."

"म्हणूनच तपासनीस हवा," साहेब थोरलीकडे बघून हसले. "उद्याची वाट कशाला बघायची? चिठ्ठी भरून माझ्याकडे आणा, मग बोलू."

चूक सापडली की चिठ्ठी भरायची पद्धत होती. धाकटीनेच ती भरली. कुठलं पान, कसली चूक, कोणाची, कोणाला आढळली, केव्हा आढळली. सगळी घरं भरून तिने चिठ्ठी थोरलीपुढे सहीला ठेवली. शेवटच्या घरात लिहिलं होतं, "आज."

त्याच टेबलावर थोरलीची वही उघडी पडली होती. वहीत खुणेला ठेवलेली पट्टी काढायच्या घाईत ती मिटायची राहिली होती. सोमवारची तारीख, पान क्रमांक, ओळ ९ पासून शेरे घसरले. धाकटीचे डोळे लाल होते.

"वाचलंस तू?" थोरलीने विचारलं.

"वाचलं."

"मग चिठ्ठीत 'आज' का लिहिलंस?"

"तुम्ही मला इथे आणलंत, जाऊबाई. सही करा आणि द्या."

थोरलीने चिठ्ठीचं शेवटचं घर पुन्हा वाचलं. कामात पुढे, घरात पुढे, आणि आता मोठेपणातही हीच पुढे! अशा वेळीसुद्धा आपल्याला हेवाच वाटतोय, हे पाहून तिला स्वतःची शिसारी आली. बाकावर पाण्याचा पेला तसाच भरलेला होता.

तिने पेन घेतलं. ज्याचा शेरा त्याच्या ओळीत, अठरा वर्षं तिने एवढंच तर केलं होतं. तिने "आज" खोडलं, वर "सोमवारी" लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी साहेबांकडे स्वतः घेऊन गेली.